पहिल्या विनंतीचे तीन सेकंद

समजा, एका हौशी नाट्यसंस्थेने तिकिटांसाठी छोटीशी वेबसाइट काढली आहे. रात्रभर तिच्याकडे कोणी फिरकत नाही. सकाळी पहिला प्रेक्षक ‘उपलब्ध जागा’वर टिचकी मारतो, चक्र फिरत राहते आणि शेवटी चूक झाल्याचा संदेश येतो. तो वैतागून पुन्हा एकदोनदा टिचकी मारतो आणि जागा दिसू लागतात. मग दिवसभर सगळे सुरळीत. साइट बनवणाऱ्या मुलाला विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘सर्व्हरलेस आहे ना, कोल्ड स्टार्ट होतो.’

हे उत्तर बऱ्याचदा अर्धवट असते, कधी कधी चुकीचेही.

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतो असे नाही, तो सतत आपल्या नावावर चालू नसतो इतकेच. अ‍ॅमेझॉनची लॅम्डा ही 2014 मध्ये जाहीर झालेली सेवा याचे सर्वांत परिचित उदाहरण. आपण फक्त फंक्शन लिहून द्यायचे. विनंती आली की लॅम्डा त्यासाठी एक छोटे आभासी यंत्र उभे करते, त्यात आपला कोड उतरवते, लायब्ररी भरते आणि मग फंक्शन चालवते. काम झाल्यावर ते यंत्र काही काळ तसेच गोठवून ठेवले जाते. तेवढ्यात पुढची विनंती आली, तर तेच वापरले जाते. बराच वेळ कोणी आले नाही, तर ते मोडीत निघते आणि पुढच्या विनंतीला सगळी मांडामांड नव्याने करावी लागते. या मांडामांडीला कोल्ड स्टार्ट म्हणतात. ती बहुधा सेकंदाच्या अंशात आटोपते. लायब्ररी अवजड असतील तर काही सेकंदही लागतात.

पण लॅम्डा इथे दोन वेगवेगळी घड्याळे लावते. फंक्शनला दिलेली मुदत, जी आपण बदलली नाही तर 3 सेकंद असते, ती फंक्शनचे मुख्य काम सुरू झाल्यापासून मोजली जाते. त्याआधीच्या तयारीला स्वतंत्र 10 सेकंद मिळतात. म्हणजे तयारीला दोन सेकंद लागले, तर प्रेक्षक दोन सेकंद जास्त ताटकळेल, पण त्या 3 सेकंदांतला एकही क्षण खर्च होणार नाही. त्यामुळे लॉगमध्ये `Task timed out after 3.00 seconds` दिसले, तर ‘कोल्ड स्टार्ट झाला’ एवढ्याने ते उलगडत नाही.

उलगडा लॉगमधल्या `REPORT` या ओळीत असतो. मात्र ती वाचण्याआधी तपासापुरती मुदत 3 वरून 30 सेकंद करून घ्यावी. मुदतीत काम तोडले गेले, तर ते खरोखर किती चालले असते हे कळतच नाही. शिवाय मुदत संपली की लॅम्डा आतली प्रक्रिया बंद करते आणि त्याच यंत्रावर पुढची विनंती आल्यास तयारी पुन्हा करते. ही दुसरी तयारी लॉगमध्ये वेगळी दाखवली जात नाही, ती मुख्य कामाच्या वेळेतच मिसळते आणि त्याच मुदतीतून वजा होते. आपल्या प्रेक्षकाची दुसरी टिचकीही वाया जाते, ती अनेकदा यामुळेच.

मुदत बदलण्याचा आणखी एक फायदा आहे. सेटिंग बदलले की पुढच्या विनंतीला नवे यंत्र मिळते, म्हणजे कोल्ड स्टार्ट हवा तेव्हा घडवता येतो. मग लागोपाठ दोन विनंत्या पाठवायच्या. नाट्यसंस्थेच्या फंक्शनला 128 एमबी मेमरी दिली आहे असे धरू. लॉगमधला कामापुरता भाग असा दिसेल :

```
REPORT Duration: 4210.37 ms Memory Size: 128 MB Init Duration: 640.12 ms
REPORT Duration: 95.20 ms   Memory Size: 128 MB
```

`Init Duration` म्हणजे तयारीचा वेळ. तो पहिल्याच ओळीत आहे, कारण कोल्ड स्टार्ट तिथेच झाला, आणि तो पाऊण सेकंदही नाही. दुसऱ्या विनंतीचे काम दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात झाले, म्हणजे जागा शोधणारी क्वेरीही निर्दोष आहे. दोन्ही ओळींत `Duration` चार सेकंदांच्या घरात असते, तर दोष सरळ लॉजिकचा ठरला असता. इथे मात्र चार सेकंद फक्त पहिल्यांदाच गेले आणि तेही मुख्य कामात.

कोड उघडला की कारण सापडते. फंक्शन आधी पासवर्ड ठेवणाऱ्या सेवेसाठी क्लायंट तयार करते, मग पासवर्ड आणते, मग डेटाबेसशी सुरक्षित जोडणी करते आणि ती पुढच्या विनंत्यांसाठी जपून ठेवते. ही सगळी एकदाच करायची कामे हँडलरच्या आत लिहिली आहेत, म्हणून ती 3 सेकंदांच्या मुदतीत मोजली जातात. त्यात मेमरी कमी. लॅम्डात प्रोसेसरचा वाटा मेमरीच्या प्रमाणात मिळतो. 1,769 एमबीला एक पूर्ण प्रोसेसर, तर 128 एमबीला त्याचा जेमतेम चौदावा हिस्सा. साधी क्वेरी तेवढ्यात भागते, कारण खरे काम डेटाबेस करतो. क्लायंट बांधणे आणि सांकेतिक जोडणीचे गणित मात्र फंक्शनलाच करावे लागते आणि ते तिथे रखडते.

उपाय दोन. ही कामे हँडलरबाहेर, फाइलच्या वरच्या भागात न्यायची, म्हणजे ती तयारीच्या 10 सेकंदांत मोजली जातील :

```python
import boto3
secrets = boto3.client("secretsmanager")

def handler(event, context):
    ...
```

यामुळे मुदत संपणे थांबेल, पण प्रेक्षकाची प्रतीक्षा पूर्णपणे संपणार नाही. ती आणखी घटवायची तर मेमरी वाढवून पाहावी. दर मिलिसेकंदाचा भाव वाढतो, पण वेळ घटत असल्याने बिल त्याच पटीत वाढतेच असे नाही.

एक तिसरा संशयितही असतो : झोपलेला डेटाबेस. अ‍ॅमेझॉनचा अरोरा सर्व्हरलेस वापर नसताना पूर्ण थांबण्यासाठी लावता येतो आणि त्याला पुन्हा जागे व्हायला साधारण 15 सेकंद लागतात. चोवीस तासांहून जास्त थांबला असेल, तर 30 सेकंद किंवा अधिकही. हा ओळखायचा तर डेटाबेसवर आधी एखादी क्वेरी चालवून तो जागा ठेवावा आणि मग फंक्शनचा कोल्ड स्टार्ट मुद्दाम घडवावा. आता पहिली विनंती झटपट सुटली, तर फंक्शन निर्दोष आहे. अशा वेळी जोडणी हँडलरबाहेर नेणे उलट अंगाशी येते. तयारीचे 10 सेकंद डेटाबेस जागा होण्याआधीच संपतात, लॉगमध्ये `INIT_REPORT` च्या ओळीत `Status: timeout` उमटते आणि तीच तयारी फंक्शनच्या मुदतीत पुन्हा सुरू होते.

दर पाच मिनिटांनी फंक्शनला आपणच एक खोटी विनंती पाठवायची, हा तोडगा लोकप्रिय आहे. त्याने एक यंत्र बहुतेक वेळ तयार राहते. पण लॅम्डात एक यंत्र एका वेळी एकच विनंती हाताळते. नाटकाची तिकीटविक्री उघडताच वीस जण एकदम आले, तर एकाला तयार यंत्र मिळेल आणि उरलेल्या एकोणिसांपैकी बहुतेकांसाठी नवे यंत्र उभे करावे लागेल. हँडलरमधले ते चार सेकंद काढलेले नसतील, तर मुदत त्यांचीही संपेल. काही यंत्रे कायम तयार ठेवण्याची अधिकृत सोय 2019 पासून आहे, पण ती यंत्रे रिकामी बसली तरी त्यांचे भाडे लागते. म्हणून नाट्यसंस्थेने ती फक्त विक्री उघडण्याच्या तासाभरापुरती घ्यावी आणि त्याआधी वीस विनंत्या एकदम पाठवून प्रत्येकीची `REPORT` ओळ पाहून घ्यावी.