परदेशी खरेदीचा रिफंड कमी आला? बँकेला पत्र लिहिण्याआधी हा हिशेब करा

परदेशी वेबसाइटवरून कार्डाने वस्तू घेतली, पसंत पडली नाही म्हणून परत पाठवली. दुकानदाराने सगळे पैसे परत केले. पण कार्डाच्या स्टेटमेंटवर पाहिलं, तर गेले होते त्यापेक्षा तीन-चार हजार रुपये कमी आलेत. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही पूर्ण रक्कम परत केली आहे.’ बँकेचं कस्टमर केअर म्हणतं, ‘हा एक्स्चेंज रेटचा फरक आहे.’

दोघंही खरं बोलत असतील. पण बँकेचं उत्तर अर्धंही असू शकतं. उरलेलं अर्धं शोधायला फक्त एक भागाकार करावा लागतो.

रिफंड म्हणजे खरेदी रद्द होणं नव्हे

कार्डाने पैसे दिल्यावर दुकानदाराने लगेच, म्हणजे व्यवहाराचा हिशेब पूर्ण होण्याआधीच, तो रद्द केला तर अडवलेली रक्कम तशीच मोकळी होते. तिथे दराचा प्रश्न येत नाही.

पण हिशेब पूर्ण झाल्यानंतर आलेला रिफंड हा वेगळा, नवा व्यवहार असतो. दुकानदार युरो किंवा डॉलर परत पाठवतो. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क त्या दिवशीच्या दराने त्याचे रुपये करतं आणि मग ते तुमच्या कार्डावर जमा होतात. खरेदी आणि रिफंड यांच्यात तीन आठवडे गेले असतील, तर दर वेगळा असणारच. मधल्या काळात रुपया घसरला असेल, तर तुम्हाला चार पैसे जास्तही मिळतात.

म्हणजे दर बदलणं हा अन्याय नाही. पण ‘दराचा फरक’ या शब्दांआड कधीकधी आणखी काही लपलेलं असतं.

पैसे नेमके कुठे गेले?

समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेऊ. तुम्ही ४०० युरोची खरेदी केली. त्या दिवशी नेटवर्कचा दर होता १ युरोला १०० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये झाले. परकीय चलनातल्या खरेदीवर तुमची बँक ३.५ टक्के मार्कअप शुल्क घेते, ते झालं १,४०० रुपये. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२ रुपये. एकूण गेले ४१,६५२ रुपये.

तीन आठवड्यांनी पूर्ण ४०० युरो परत आले. त्या दिवशी दर होता ९८.५० रुपये. पण कार्डावर जमा झाले ३७,७७२.७८ रुपये. तुमचं नुकसान ३,८७९.२२ रुपयांचं. त्याचे तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा ६०० रुपयांचा. दर १०० वरून ९८.५० वर आला, त्याचा हा फरक. तो खरंच बाजाराचा आहे.

दुसरा तुकडा १,६५२ रुपयांचा. खरेदीच्या वेळी घेतलेलं मार्कअप आणि जीएसटी बँकेने परत केलं नाही. बँकेच्या अटींत ‘रिफंड आला तरी हे शुल्क परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं असेल, तर इथे तुमची बाजू कमकुवत आहे.

तिसरा तुकडा १,६२७.२२ रुपयांचा. रिफंडच्या दराने ३९,४०० रुपये यायला हवे होते. बँकेने त्यातूनही ३.५ टक्के आणि त्यावरचा जीएसटी कापला. म्हणजे एकाच वस्तूवर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा शुल्क लागलं. पत्र लिहायचं ते या तुकड्यासाठी.

हे कसं ओळखायचं?

रिफंडमधली कपात स्टेटमेंटवर वेगळी दिसेलच असं नाही. कधीकधी फक्त जमा रक्कम दिसते. अशा वेळी ती रक्कम परत आलेल्या युरोंनी भागा. ३७,७७२.७८ भागिले ४००, म्हणजे ९४.४३ रुपये. हा तुम्हाला प्रत्यक्षात मिळालेला दर.

आता नेटवर्कचा दर पाहा. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या वेबसाइटवर तारखेनुसार दर दाखवणारा कॅल्क्युलेटर असतो. त्यात बँकेच्या शुल्काचा रकाना असतो, तिथे शून्य भरा. तारीख रिफंडची टाका, खरेदीची नको. स्टेटमेंटवरची तारीख आणि नेटवर्कने रक्कम बदलली ती तारीख यांत अंतर असू शकतं, म्हणून आधीच्या दोन-तीन दिवसांचे दरही पाहून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा.

समजा तिथे ९८.५० दिसलं. फरक झाला ४.०७ रुपयांचा, म्हणजे ९८.५० च्या ४.१३ टक्के. आता ३.५ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी चढवून पाहा. उत्तर येतं बरोबर ४.१३ टक्के. इतका नेमका आकडा बाजारातल्या चढ-उतारातून योगायोगाने येणं कठीण. तो शुल्काचाच ठसा आहे. तुमच्या बँकेचं मार्कअप २ टक्के असेल तर हाच ठसा २.३६ टक्क्यांचा दिसेल, ३ टक्के असेल तर ३.५४ टक्क्यांचा.

फरक या आकड्याशी जुळत नसेल, पैशांत किंवा अर्ध्या-एक टक्क्यात असेल, तर तो बहुधा तारखेचा फरक आहे. मग पत्रात फक्त दर आणि तारीख विचारा, आरोप करू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. पैसे देताना तुम्ही ‘रुपयांत भरा’ हा पर्याय निवडला असेल, तर दर तुमच्या बँकेने नाही, दुकानदाराच्या बाजूने ठरवलेला असतो. तो पावतीवर छापलेला असतो. त्या दराबद्दल आपल्या बँकेशी भांडून उपयोग नाही.

पत्राआधी तीन कागद

पहिला, खरेदी आणि रिफंड दोन्ही दिसणारी स्टेटमेंट. दुसरा, दुकानदाराचा रिफंडचा ईमेल. त्यात परकीय चलनातली पूर्ण रक्कम दिसली पाहिजे. शक्य असेल तर त्याच्याकडून रिफंडचा एआरएन मागून घ्या. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून बँकेला नेमका तोच व्यवहार शोधता येतो.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा. कार्डाच्या ‘सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती’, म्हणजे एमआयटीसी. त्यात मार्कअपचं वाक्य शोधा. शुल्क ‘परकीय चलनातल्या खर्चावर’ असं म्हटलंय, की ‘रिफंडसह सर्व व्यवहारांवर’? पहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम. दुसरं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर परताव्याची फक्त विनंती करता येईल.

पत्र असं लिहा

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी,
> कार्ड विभाग, ……… बँक
>
> विषय: रिफंडच्या रकमेतून कापलेल्या शुल्काबाबत तक्रार (कार्डाचे शेवटचे चार अंक: ……)
>
> महोदय/महोदया,
>
> वरील कार्डावर दि. …… रोजी …… या विक्रेत्याकडे ४०० युरोची खरेदी झाली. त्यापोटी मार्कअप शुल्क व जीएसटीसह ४१,६५२ रुपये आकारण्यात आले.
>
> विक्रेत्याने दि. …… रोजी पूर्ण ४०० युरो परत केले (एआरएन: ……). दि. …… रोजी कार्डावर ३७,७७२.७८ रुपये जमा झाले. म्हणजे प्रति युरो ९४.४३ रुपये दर मिळाला. त्या तारखेला कार्ड नेटवर्कचा प्रसिद्ध दर ९८.५० रुपये होता. त्यानुसार ३९,४०० रुपये जमा व्हायला हवे होते.
>
> १,६२७.२२ रुपयांचा हा फरक ४.१३ टक्के आहे. ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून एवढीच रक्कम होते. आपल्या अटींनुसार हे शुल्क परकीय चलनातील खर्चावर आहे. जमा होणाऱ्या रिफंडमधून ते कापण्याची तरतूद मला त्यात आढळली नाही.
>
> दोन तारखांमधील दरबदलामुळे झालेल्या ६०० रुपयांच्या फरकाबद्दल माझी तक्रार नाही.
>
> माझ्या मागण्या:
> १. १,६२७.२२ रुपये कार्डावर जमा करावेत.
> २. रिफंडसाठी वापरलेला दर, त्याची तारीख, कापलेले शुल्क व जीएसटी लेखी कळवावे.
> ३. मागणी अमान्य असल्यास, ज्या कलमाच्या आधारे शुल्क कापले ते कलम कळवावे.
>
> सोबत: स्टेटमेंट, विक्रेत्याचा ईमेल, दराचा स्क्रीनशॉट, अटींचे संबंधित पान.
>
> आपला/आपली,
> नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक

६०० रुपयांचं ते वाक्य गाळू नका. ते असलं की ‘दर बदलला’ हे तयार उत्तर बँकेला देता येत नाही. मूळ खरेदीवरचे १,६५२ रुपये मागायचे असतील तर वेगळी विनंती करा. हक्काची मागणी आणि विनंती एकाच आकड्यात मिसळली, की दोन्ही एकदम नाकारल्या जातात. इंग्रजीत लिहिणार असाल, तरी क्रम हाच ठेवा. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी पत्रात कधीही लिहू नका.

पत्र बँकेने दिलेल्या तक्रारीच्या ईमेलवर किंवा पोर्टलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून तुमच्या हातात राहत नाही.

उत्तर आलं नाही तर?

क्रेडिट कार्डाच्या बिलाला ग्राहकाने हरकत घेतली, तर जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने कार्डांबद्दलच्या निर्देशांत म्हटलं आहे. पत्रातली दुसरी मागणी याच आधारावर आहे. तोपर्यंत बिल मात्र वेळेवर भरा. नाहीतर दीड हजारांच्या वादात व्याज आणि लेट फी अंगावर येईल.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती cms.rbi.org.in वर होते आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी मुदत असते, म्हणून फार थांबू नका. थेट तिथे जाता येत नाही, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

लोकपाल बँकेच्या व्यावसायिक निर्णयांत पडत नाही. ‘३.५ टक्के शुल्क फार आहे’ ही तक्रार तिथे टिकणार नाही. ‘अटींत नसलेलं शुल्क माझ्या रिफंडमधून कापलं’ ही तक्रार मात्र ऐकून घेतली जाऊ शकते. पत्रात दर वाईट होता असं कुठेही म्हटलेलं नाही, ते याचसाठी.