बाथरूमच्या खड्ड्यात काय भरावं?

2.4 बाय 1.5 मीटरचं बाथरूम, स्लॅब 30 सेंटिमीटर खाली. वॉटरप्रूफिंग आणि पाइप झाले, 48 तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येत नाही हे पाहिलं, की भरणी सुरू करावी.

लादी आणि तिच्या मालासाठी 3, लेव्हलच्या थरासाठी सरासरी 4 सेंटिमीटर सोडले, तर विटांच्या तुकड्यांना 23 उरतात. म्हणजे साधारण 0.83 घनमीटर. तुकड्यांमधल्या फटी सुमारे एक तृतीयांश. त्या भरायला एकास सहाचा माल केला, तर सिमेंटच्या दीड गोणी लागतात.

तुकडे पक्क्या विटांचे हवेत आणि आधी भिजवलेले. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते व माल भुसभुशीत होतो. थराथरानं रचून प्रत्येक फट मालानं भरावी. वरचा थर नहाणी ट्रॅपकडे उतरता ठेवावा: 2.4 मीटरला 3 सेंटिमीटर.

पैसे वाचवायला नुसतं डेब्रिज टाकलं, तर ते कालांतरानं बसतं आणि लाद्या पोकळ वाजू लागतात. म्हणून लादी बसण्याआधी भरणी स्वतः पाहा.