नफ्याच्या तीन ओळी

कंपनीचे नफातोटा पत्रक वरून खाली वाचायचे असते. सर्वांत वर विक्रीचा आकडा असतो. त्यातून एकेक खर्च वजा होत जातो आणि तळाशी उरतो तो निव्वळ नफा. वाटेत दोन ठिकाणी बेरीज थांबते. मालाचा किंवा सेवेचा थेट खर्च वजा केल्यावर उरतो तो ढोबळ नफा, आणि त्यातून कारभार चालवण्याचा खर्च काढल्यावर उरतो तो परिचालन नफा. या तिन्ही आकड्यांना विक्रीने भागून शंभराने गुणले की तीन मार्जिने मिळतात.

भाजक नेहमी विक्रीच असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. दुकानदार ८० रुपयांची वस्तू शंभराला विकतो, तेव्हा ‘पंचवीस टक्के सुटले’ असे म्हणतो, कारण तो खरेदीच्या किमतीवर हिशेब करतो. पत्रकाच्या भाषेत तेच मार्जिन २० टक्के होते.

तिन्ही ओळी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेने कशा जाऊ शकतात, हे अ‍ॅपल कंपनीच्या सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या वर्षाच्या पत्रकात स्पष्ट दिसते. त्या वर्षी विक्री ३९१.० अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा ९३.७ अब्ज. आदल्या वर्षी विक्री ३८३.३ अब्ज आणि नफा ९७.० अब्ज होता. फक्त वरची आणि खालची ओळ पाहणाऱ्याला वाटेल की धंदा वाढला, पण किफायत घटली. निव्वळ मार्जिन २५.३ टक्क्यांवरून २४.० वर आले, हे खरेच आहे. ते का आले, याचे उत्तर मात्र मधल्या ओळींत आहे.

विक्रीखालची पहिली ओळ आहे विक्रीच्या खर्चाची. त्यात सुटे भाग, जुळणीसाठी दुसऱ्या कारखान्यांना दिलेले पैसे, वाहतूक, वॉरंटीचा बोजा असे थेट मालाला चिकटलेले खर्च येतात. २०२४ मध्ये हा खर्च २१०.४ अब्ज होता, म्हणजे विक्रीच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे ५३.८. उरलेले ४६.२ टक्के हे ढोबळ मार्जिन. आदल्या वर्षी ते ४४.१ होते. इथे तर कंपनीची स्थिती दोन टक्क्यांहून अधिक सुधारलेली दिसते.

ही सुधारणा कुठून आली, तेही पत्रकच सांगते, कारण अ‍ॅपल वस्तूंची आणि सेवांची विक्री व खर्च वेगळे दाखवते. फोन, संगणक वगैरे वस्तूंवर २०२४ मध्ये ३७.२ टक्के ढोबळ मार्जिन सुटले, तर अ‍ॅप स्टोअर, वर्गणी, जाहिराती अशा सेवांवर ७३.९ टक्के. आदल्या वर्षी हेच आकडे ३६.५ आणि ७०.८ होते. शिवाय विक्रीतला सेवांचा वाटा २२.२ टक्क्यांवरून २४.६ टक्क्यांवर गेला. दोन्ही मार्जिने जुनीच ठेवून नुसता हा वाटा बदलून पाहिला, तर एकूण मार्जिन सुमारे ४४.९ येते. म्हणजे वाढीतला जवळपास पाऊण टक्का केवळ विक्रीच्या मिश्रणाचा आणि बाकीचा प्रत्यक्ष मार्जिनवाढीचा. एकाही वस्तूचा भाव वा खर्च न बदलता ढोबळ मार्जिन हलू शकते, ते असे.

पुढच्या दोन ओळी आहेत संशोधन-विकासाची आणि विक्री व प्रशासनाची. शंभर डॉलरमागे त्यांनी अनुक्रमे ८.० आणि ६.७ डॉलर घेतले, आदल्या वर्षी ७.८ आणि ६.५. हे खर्च विकलेल्या एकेका फोनला चिकटत नाहीत. विक्री घसरली तरी अभियंत्यांचे पगार चालूच राहतात, म्हणून मंदीत परिचालन मार्जिन सहसा ढोबळ मार्जिनहून अधिक आपटते. इथे परिचालन मार्जिन २९.८ वरून ३१.५ टक्क्यांवर गेले. धंद्याची प्रकृती पाहायची तर या ओळीपाशी थांबावे, कारण इथवर व्याज आणि कर मध्ये आलेले नसतात.

मग तळाची ओळ का घसरली? व्याज आणि गुंतवणुकीच्या इतर उत्पन्नाची ओळ नगण्य आहे, ०.३ अब्जांची. उरतो कर. २०२३ मध्ये कर १६.७ अब्ज होता, २०२४ मध्ये २९.७ अब्ज. करपूर्व नफ्याशी तुलना केली, तर प्रमाण १४.७ टक्क्यांवरून २४.१ वर गेले. कराचे प्रमाण एका वर्षात असे उडी मारते, तेव्हा टिपा उघडून पाहाव्या. आयर्लंडने अ‍ॅपलला बेकायदा करसवलत दिली, असा निर्णय युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दिला होता. १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो कायम केला आणि अ‍ॅपलला एकदाच सुमारे १०.२ अब्ज डॉलरचा जादा कर दाखवावा लागला. तो वगळला तर निव्वळ मार्जिन २६.६ टक्क्यांच्या आसपास येते. बाजारात काहीच बिघडले नव्हते. जुन्या वादाचे बिल त्या वर्षाच्या पत्रकात आले, इतकेच.

भारतीय कंपनीचे पत्रक हाती घेतले, की या वाचनात एक अडचण येते. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात खर्च त्यांच्या स्वरूपानुसार मांडतात: वापरलेला कच्चा माल, विक्रीसाठी घेतलेला माल, साठ्यातील बदल, कर्मचारी खर्च, वित्तीय खर्च, घसारा, इतर खर्च. ढोबळ आणि परिचालन नफ्याची ओळच त्यात नसते. ती वाचणाऱ्याने स्वतः काढायची.

सोपी संख्या घेऊन पाहू. एका काल्पनिक कंपनीची विक्री १०० कोटी, कच्चा माल ६०, कर्मचारी १२, इतर खर्च १३, घसारा ५, व्याज ४ आणि इतर उत्पन्न ६ कोटी. साठ्यात बदल नाही. शंभरातून माल वजा केला, की ढोबळ नफा ४० येतो. पण कर्मचारी खर्चातले ८ कोटी कारखान्यातल्या मजुरीचे आणि घसाऱ्यातले ४ कोटी यंत्रांचे असले, तर अमेरिकी मांडणीत ते विक्रीच्या खर्चात बसतील आणि ढोबळ नफा २८ वर येईल. कंपनी तीच, मार्जिन ४० किंवा २८. भारतीय पत्रकातून काढलेले हे मार्जिन परदेशी कंपनीच्या मार्जिनशेजारी ठेवण्याआधी ही फट तपासावी लागते.

पुढे कर्मचारी, इतर खर्च आणि घसारा वजा केल्यावर परिचालन नफा १० कोटी. व्याज काढून आणि इतर उत्पन्न मिळवून करपूर्व नफा १२ कोटी होतो. सवलती सोडून २५.१७ टक्क्यांचा पर्याय घेतलेल्या कंपनीला यावर सुमारे ३ कोटी कर लागतो आणि निव्वळ नफा ९ कोटी उरतो. परिचालन मार्जिन १० आणि निव्वळ ९ टक्के, म्हणजे व्याज आणि कर भरूनही फक्त एक टक्का कमी झाला, हे पाहून शंका यायला हवी. करपूर्व नफ्याचा अर्धा भाग, म्हणजे ६ कोटी, धंद्यातून आलेलाच नाही. ते ठेवींचे व्याज, जुनी जमीन विकून मिळालेला फायदा किंवा आणखी काही असू शकते. इतर उत्पन्नाच्या टिपेत त्याचा तपशील असतो. त्यात एखादी मोठी रक्कम फक्त याच वर्षी दिसत असेल, तर ती वजा करून निव्वळ मार्जिन पुन्हा काढावे.