ब्रिस्बेनची चिकट खेळपट्टी आणि मोरोनीची दोन शून्यं

एखादा मंत्री अडचणीत आला की इंग्रजी वर्तमानपत्रं हमखास लिहितात, तो ‘स्टिकी विकेट’वर खेळतोय. अडचण ही अडचणच, एवढाच अर्थ आता उरला आहे. क्रिकेटमध्ये मात्र हा शब्द एका नेमक्या अवस्थेसाठी होता. ती काही तासच टिकायची आणि तेवढ्यात सामन्याचं पारडं फिरायचं.

पूर्वी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी उघडीच राहायची. पाऊस आला की तिची चिकणमाती पाणी प्यायची. गंमत अशी, की पूर्ण भिजलेल्या खेळपट्टीवर फलंदाजी तितकीशी अवघड नसे. चेंडू ओल्या मातीवरून घसरत, संथ येई. खरं संकट ऊन पडल्यावर उभं राही. वरचा थर सुकू लागे, पण खाली माती मऊच असे. चेंडू त्यात रुतून बसल्यासारखा क्षणभर अडकायचा आणि मग वाटेल तसा उसळायचा. एकाच टप्प्यावर पडलेला एक चेंडू हनुवटीपाशी यायचा, तर दुसरा घोट्यापाशी. फिरकी तर हातभर वळायची. खेळपट्टी पूर्ण वाळली की हे सगळं ओसरायचं. म्हणून ओली नाही, कोरडीही नाही, अशा मधल्या वेळेलाच ‘स्टिकी’ म्हणायचं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे १९५०च्या डिसेंबरमधली ब्रिस्बेनची ॲशेस कसोटी. पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा डाव २२८ धावांत आटोपला. शनिवारचा खेळ पावसात वाहून गेला, रविवार विश्रांतीचा. सोमवारी ऊन पडलं आणि खेळपट्टी सुकू लागली. त्या एका दिवसात १३० धावांत २० बळी गेले.

दोन्ही कर्णधारांची चाल पाहण्याजोगी आहे. इंग्लंडच्या फ्रेडी ब्राऊनने ७ बाद ६८वर डाव सोडून दिला. १६० धावांनी मागे असताना! माती अजून चिकट आहे तोवर ऑस्ट्रेलियाला खेळायला लावायचं, हा हिशेब. तो बरोबरच निघाला: एकही धाव व्हायच्या आत ऑस्ट्रेलियाचे तीन फलंदाज परतले. मग लिंडसे हॅसेटनेही तोच डाव उलटवला आणि ७ बाद ३२वर डाव घोषित केला. इंग्लंडला हव्या होत्या १९३ धावा. दिवस संपला तेव्हा त्यांची अवस्था ६ बाद ३० अशी होती.

ब्राऊनने लेन हटन आणि डेनिस कॉम्प्टन हे आपले हुकमी फलंदाज मुद्दाम मागे ठेवले होते. रात्रीत माती वाळेल, ही आशा. दुसऱ्या दिवशी कॉम्प्टन पहिल्याच चेंडूवर शून्यावर गेला. आठव्या क्रमांकावर आलेला हटन मात्र ६२ धावांवर नाबाद राहिला. शेवटच्या जोडीने ४५ धावा जोडल्या, तरी इंग्लंडचा डाव १२२वर संपला आणि सामना ७० धावांनी गेला. तरबेज फलंदाज अशा मातीवर काय करू शकतो, हे हटनच्या त्या खेळीत दिसतं.

कॉम्प्टनच्या वाट्याला आलं ते इंग्रजीत ‘गोल्डन डक’, म्हणजे पहिल्याच चेंडूवर शून्य. शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा, म्हणून आधी ‘डक्स एग’ आणि मग नुसतं ‘डक’. आपल्याकडे त्यालाच भोपळा म्हणतात. दोन्ही डावांत शून्य मिळालं की ‘पेअर’, दोन शून्यांचा जणू चष्माच. ब्रिस्बेनमध्ये हा चष्मा ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर जॅक मोरोनीला मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जोहान्सबर्गच्या कसोटीत त्याने दोन्ही डावांत शतकं ठोकली होती. इंग्लंडविरुद्धची ही त्याची पहिलीच कसोटी, आणि पुढच्याच सामन्यात त्याला वगळलं गेलं. त्याचं पहिलं शून्य पावसाआधीचं होतं, तो दोष मातीला देता येणार नाही. दुसरं शून्य मात्र त्या सोमवारचं. धावफलकावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि मोरोनीवर हा अन्यायच आहे.

याच मातीचा उलटा फायदा डॉन ब्रॅडमनने १९३७च्या जानेवारीत मेलबर्नला करून घेतला होता. पावसानंतर दुसऱ्या डावात त्याने तळाचे फलंदाज आधी पाठवले, स्वतः सातव्या क्रमांकावर उतरला आणि तोवर सुधारलेल्या खेळपट्टीवर २७० धावा केल्या.

पुढे खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत रुळली आणि खरी ‘स्टिकी’ कसोटी क्रिकेटमधून नाहीशी झाली. आज समालोचक ‘चेंडू थांबून येतोय’ म्हणतात ती बहुधा कोरडी, संथ खेळपट्टी असते. वेग कमी होतो, पण उसळीचा असा भरवसा सुटत नाही. रात्रीच्या सामन्यातलं दव तर त्याच्या अगदी उलट वागतं: चेंडू ओला होऊन घसरतो आणि फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून निसटतो.