कापा, चिकटवा, पण वाचता येऊ द्या!

फेस्टचा सीझन आला की डेकोरेशन कमिटीच्या टेबलावर जुन्या पेपरांचा ढीग पडतो. हेडलाइनमधली, जाहिरातींमधली वेगवेगळी अक्षरं कापून बोर्ड करायची आयडिया कोणाला तरी सुचतेच. ही स्टाइल जगभर गाजली ती १९७७ मध्ये, ‘सेक्स पिस्टल्स’ या ब्रिटिश पंक बँडसाठी जेमी रीडने केलेल्या कव्हर्समुळे. एक अक्षर जाड, दुसरं बारीक, तिसरं तिरकं, तरी नाव वाचता येतं. कारण इंग्रजीची छापील अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं मात्र एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेषेला लटकतात. त्यामुळे तिकडची स्टाइल जशीच्या तशी उचलली तर मराठी शब्द विस्कटतो.

समजा, तुम्हाला ‘भन्नाट धमाल’ असा बोर्ड करायचाय. आधी तुकडे ठरवा. भ, न्ना, ट आणि ध, मा, ल असे सहाच. मात्रा, वेलांटी, काना शक्यतो अक्षरासोबतच कापा. वेगळे चिकटवले की ते हमखास सरकतात.

आता साइझ. पेपरातलं अक्षर साधारण २ सेंमी उंच असेल, तर झेरॉक्सवाल्याकडून २०० टक्के दोनदा मोठं करून घ्या. ते ८ सेंमी होईल. दर दहा फुटांना एक इंच उंची, हा बोर्डांसाठीचा ढोबळ हिशोब. म्हणजे ८ सेंमीचं अक्षर तीसेक फुटांवरून आरामात वाचता येतं. उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजा, वरची मात्रा किंवा खालचा उकार त्यात धरू नका. सहाही तुकड्यांची ही उंची जवळपास सारखी हवी. बाकी जाडी, रंग, वळणं कितीही बदला.

खरी गंमत शिरोरेषेत

कार्डशीटवर पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि प्रत्येक अक्षराची शिरोरेषा तिच्यावर टेकवा. एका शब्दातले तुकडे एकमेकांना चिकटून ठेवा आणि दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोडा. तिरकं करायचंच असेल तर शब्दात एकच अक्षर, तेही थोडंसंच.

काही जण शब्द एकसंध दिसावा म्हणून वरून रंगीत कागदाची एकच सलग पट्टी लावतात. इथेच घात होतो! ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती पट्टीने जोडली की लांबून ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. तुमचा ‘भन्नाट धमाल’ मग ‘मन्नाट घमाल’ होतो. पट्टी हवीच असेल तर ती या अक्षरांच्या उजव्या उभ्या दांड्यापासून सुरू करा आणि डावीकडची गाठ मोकळी सोडा.

दुसरी अडचण ‘न्ना’ची. आख्खा ‘न्ना’ पेपरात सापडेलच असं नाही. मग एका ‘न’चा उभा दांडा कापून टाका आणि उरलेला भाग पुढच्या ‘ना’ला अगदी टेकवून चिकटवा. मध्ये फट राहिली तर तो तुकडा नुसता शेपटीसारखा लोंबतो. दांडा कापायचा राहिला तर ‘भननाट’ वाचलं जाईल.

नटवायचं कोणाला?

सगळीच अक्षरं फॅन्सी नकोत. ज्याचा जुळा भाऊ आहे ते अक्षर साधं, ठसठशीत ठेवा. ‘ध’, ‘भ’ त्यातलेच. ‘ष’सुद्धा, कारण फार जाड टाइपात त्याच्या पोटातली तिरकी रेघ बुजली की तो ‘प’ दिसतो. नटवायला ‘ट’, ‘ल’ घ्या. फुलाफुलांच्या कागदातून कापले तरी ते दुसऱ्या कशासारखे दिसत नाहीत.

झेरॉक्स न काढता थेट पेपरच वापरणार असाल, तर तो आधी पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि मग कापा, नाहीतर मागची छपाई आरपार दिसते. न्यूजप्रिंट पाणी पटकन शोषतो, त्यामुळे पातळ डिंकाने सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक बरी.

चिकटवण्याआधी तुकडे नुसते मांडून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. लाल अक्षर हिरव्या कागदावर उठून दिसतं, पण फोटोत दोन्ही सारखेच करडे आले, तर लांबूनही ते एकमेकांत मिसळणार. त्यातला एक कागद बदला. मग ज्याला फेस्टचं नाव माहीत नाही अशा एखाद्याला तीस फुटांवर उभं करून वाचायला सांगा. तो ज्या अक्षरावर अडखळेल, तेवढंच बदला. अजून काहीच चिकटवलेलं नाही, त्यामुळे हे दोन मिनिटांचं काम आहे.