न उच्चारलेला कर्ता कसा ओळखू येतो

‘उद्या जाईन’ या वाक्यात कर्ता कुठेच नाही, तरी जाणारा कोण हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. मराठी व्याकरणात अशा कर्त्याला अध्याहृत म्हणतात. इंग्रजीत हेच वाक्य कर्त्याशिवाय सहसा चालत नाही. पाऊस पडत असल्याचे सांगतानाही तिथे ‘इट’ हे अर्थशून्य सर्वनाम ठेवावे लागते. काही भाषांना ही मोकळीक असते आणि काहींना नसते. ती कुठे असेल, हे आधीच सांगता येईल का, या प्रश्नावर भाषाशास्त्रज्ञांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत बराच विचार केला.

पहिले उत्तर क्रियापदाच्या रूपांकडे पाहून दिले गेले. इटालियनमध्ये ‘बोलणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लिआमो, पार्लाते, पार्लानो अशी सहाही वेगळी आहेत. इंग्रजीत मात्र ‘स्पीक’ आणि ‘स्पीक्स’ एवढी दोनच. प्रत्ययावरून पुरुष आणि वचन कळत असेल तर सर्वनामाची गरज उरत नाही, असा हा तर्क. मराठीचा भविष्यकाळ त्यात नेमका बसतो: जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. इटालियनच्या संकेतार्थी रूपांत तिन्ही एकवचने ‘पार्ली’ अशी एकसारखी होतात, आणि तिथे ‘तू’ अर्थाचे सर्वनाम सहसा उच्चारावेच लागते. प्रत्यय दुबळा पडला की सर्वनाम परत येते, याचा हा चांगला पुरावा आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही क्रियापदाची रूपे एकमेकांत मिसळत गेली आणि उच्चारलेले कर्ते वाढले.

पण चिनी भाषेने हा तर्क अडवला. तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे मुळीच बदलत नाही, तरी कर्ता सर्रास गळतो, कर्मही गळते. सी. टी. जेम्स हुआंग यांनी १९८४ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले: चिनीत रिकामी जागा संभाषणाच्या चालू विषयाला जोडली जाते. म्हणजे कर्ता ओळखण्याचे दोन मार्ग झाले, एक प्रत्ययाचा आणि दुसरा संदर्भाचा. जर्मनमध्ये प्रत्यय इंग्रजीपेक्षा बरेच सांगतात, पण बोलताना कर्ता गाळायचा तर तो बहुधा वाक्याच्या आरंभीच गाळता येतो. तेव्हा प्रत्यय किती समृद्ध आहेत यावरून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

हे दोन मार्ग एकाच भाषेत शेजारीशेजारी पाहायचे तर मराठीचा भूतकाळ इटालियनपेक्षा अधिक उपयोगी आहे. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘आंबा खाल्ला’ यातला ‘-ला’ आंब्याचे लिंग आणि वचन सांगतो. खाणारा मी, तो, ती की ते, याचा पत्ता देत नाही. अपवाद द्वितीय पुरुषाचा: ‘खाल्लास’ मधला ‘स’ आणि ‘खाल्लात’ मधला ‘त’ कर्त्याकडे बोट दाखवतात. शालेय व्याकरणात यालाच कर्तृ-कर्म संकर म्हणतात. यावरून अंदाज असा की संदर्भ नसतानाही ‘आंबा खाल्लास’ कळावे, पण ‘आंबा खाल्ला’ला संदर्भ लागावा.

एक संवाद घेऊ. ‘सुमन आली का?’ ‘आली. हातपाय धुतले, चहा घेतला आणि झोपली.’ इथे ‘आली’ आणि ‘झोपली’ सुमनशी जुळतात. ‘धुतले’ हातपायांशी जुळते आणि ‘घेतला’ चहाशी, म्हणजे मधली दोन क्रियापदे सुमनबद्दल काहीच सांगत नाहीत. तरी कोणी गोंधळत नाही, कारण प्रश्नाने सुमनला विषय करून ठेवले आहे आणि मध्ये दुसरे कोणी आलेले नाही. आता उत्तर बदलू: ‘सुमन आणि तिची आई आल्या. चहा घेतला आणि झोपली.’ चहा कोणी घेतला हे नक्की होत नाही. ‘झोपली’ हे एकवचनी स्त्रीलिंगी रूप दोघींनाही लागू पडते, म्हणून इथे नाव घ्यावेच लागते. आईच्या जागी वडील असते तर ‘झोपली’ सुमनवरच थांबले असते, पण चहाचा प्रश्न उरलाच असता. एका कर्त्यासाठी लिंगाचा प्रत्यय पुरला, दुसऱ्यासाठी केवळ संदर्भच होता आणि तो तुटला.

कर्ता ओळखता आला तरी तो नेहमी गाळता येतो असे नाही. ‘मी जाईन, तू थांब’ या वाक्यात ‘जाईन’ आणि ‘थांब’ ही रूपे स्वतःच पुरेशी स्पष्ट आहेत, पण दोघांमधला विरोध दाखवण्यासाठी सर्वनामे हवीत. ‘कोण जाणार?’ या प्रश्नाचे उत्तरही नुसते ‘जाईन’ असे देता येत नाही, कारण विचारलेली नवी माहिती म्हणजे कर्ताच. प्रत्यय आणि संदर्भ यांवरून कर्ता कुठे गळू शकेल हे कळते. तो कुठे उच्चारावाच लागेल हे ठरवताना वाक्यातला भर आणि नवी माहिती यांचाही विचार करावा लागतो.