चुनखडीत चुना किती?

चुनखडी म्हणून खाणीतून निघणारा दगड निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटचा कधीच नसतो. त्यात वाळू असते, चिकणमाती असते, थोडे लोहही असते. अशा दगडातले कॅल्शियम कार्बोनेट निवडून बाजूला काढता येत नाही. मात्र दगड तापवून त्यातून काय आणि किती बाहेर पडते हे मोजता येते, आणि त्यावरून मूळ पदार्थ किती होता याचा हिशेब मांडता येतो.

चुन्याच्या भट्टीत घडते तीच ही अभिक्रिया:

CaCO3 → CaO + CO2

कॅल्शियमचे अणुवस्तुमान 40, कार्बनचे 12 आणि ऑक्सिजनचे 16 धरले, तर 100 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून 56 ग्रॅम कळीचा चुना मिळतो आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. दगड कोकणातला असो वा विदर्भातला, हे प्रमाण बदलत नाही. वाळू या तापमानाला जशीच्या तशी राहते, वायू देत नाही. म्हणून बाहेर पडलेला वायू ही एकट्या कार्बोनेटची खूण ठरते.

समजा, चुनखडीची 2.50 ग्रॅम कोरडी पूड मुशीत घालून सुमारे 950 अंश सेल्सिअसला तापवली. थंड झाल्यावर मुशीत 1.51 ग्रॅम उरले. म्हणजे 0.99 ग्रॅम वायू गेला. 44 ग्रॅम वायूमागे 100 ग्रॅम कार्बोनेट, तर 0.99 ग्रॅममागे 0.99 × 100 ÷ 44, म्हणजे 2.25 ग्रॅम. नमुना 2.50 ग्रॅमचा होता, त्यामुळे शुद्धता 2.25 ÷ 2.50 × 100 = 90 टक्के. उरलेले 0.25 ग्रॅम म्हणजे वाळूमाती.

परीक्षेत विद्यार्थ्यांची गाडी बहुधा पहिल्याच पायरीवर अडते. 0.99 ला थेट 2.50 ने भागून 39.6 टक्के असे उत्तर लिहिले जाते. पण ही शेकडेवारी दगडातून निघालेल्या वायूची झाली, दगडातल्या कार्बोनेटची नव्हे. उत्पादनाच्या वस्तुमानावरून आधी मूळ पदार्थाचे वस्तुमान काढायचे आणि मगच नमुन्याने भागायचे, हा क्रम मोडता येत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. मुशीत उरलेले 1.51 ग्रॅम सगळे कळीचा चुनाच आहे असे धरले, तर 1.51 × 100 ÷ 56, म्हणजे जवळजवळ 2.70 ग्रॅम कार्बोनेट येते आणि शुद्धता 108 टक्क्यांच्या घरात जाते. शंभराच्या वर गेलेले उत्तर स्वतःच चुगली करते. मुशीत चुन्याबरोबर न जळलेली वाळूही बसलेली आहे. खरा चुना 1.26 ग्रॅमच आहे.

तापवण्यातही कसूर होते. मूस लवकर उतरवली तर थोडे कार्बोनेट तसेच राहते, वायू कमी भरतो आणि चांगला दगड हलका ठरतो. त्यावर उपाय म्हणजे तापवा, थंड करा, तोला, पुन्हा तापवा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक उरला नाही की अभिक्रिया पूर्ण झाली असे समजायचे. थंड करताना मूस उघड्यावर ठेवून चालत नाही. कळीचा चुना हवेतले पाणी ओढून घेतो आणि वजन वाढते, म्हणून ती डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारा पदार्थ घातलेल्या बंद भांड्यात ठेवतात.

पूड आधी 105 ते 110 अंशांवर वाळवायची असते, तीही याच ओलाव्यापायी. समजा, त्या 0.25 ग्रॅम अशुद्धीतले 0.05 ग्रॅम नुसते पाणी होते. भट्टीत तेही उडते आणि घट 1.04 ग्रॅम भरते. पाणी वायू म्हणून मोजले गेल्यामुळे शुद्धता 94.5 टक्के दिसते. दोन टक्के ओलावा निकालात साडेचार टक्क्यांची फुगवटी आणतो.

सगळ्यात अवघड पाहुणा मात्र मॅग्नेशियम कार्बोनेट, जो डोलोमाइटमिश्रित दगडात असतो. तोही कार्बन डायऑक्साइड देतो, आणि तोही 84 ग्रॅममागे 44 ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा जास्त. वरच्या नमुन्यात वाळू 0.15 ग्रॅम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट 0.10 ग्रॅम असते, तर घट सुमारे 1.04 ग्रॅम आणि शुद्धता 95 टक्क्यांच्या आसपास आली असती. हे उत्तर शंभराच्या आत असल्याने कुणाला संशयही येत नाही. वायू मोजून हा भेद कळूच शकत नाही. त्यासाठी दगड आम्लात विरघळवून कॅल्शियम तेवढे ऑक्झलेटच्या अवक्षेपाच्या रूपात वेगळे काढावे लागते आणि तो अवक्षेप तोलावा लागतो.